बँकेत पैसे वाढले, तरी हिशेबात तूट: क्लबाचे दोन हिशेब कसे वाचायचे

प्रश्न: फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावच्या क्लबाचा मी खजिनदार आहे. 1 एप्रिल 2024 ला हातात आणि बँकेत मिळून 90,000 रुपये होते, 31 मार्च 2025 ला 2,16,000 आहेत. तरी ऑडिटरनी उत्पन्न-खर्च खात्यात 94,600 ची तूट दाखवली आहे. सभासद विचारतात, पैसे वाढले तर तूट कुठून आली? खरं कुठलं धरायचं, आणि सभेत सांगायचं काय? सगळे आकडे सोबत पाठवतो.

उत्तर: दोन्ही आकडे बरोबर आहेत. तुमची दोन्ही पत्रकं मी ओळीनं तपासली. शिल्लक 1,26,000 नं वाढली आणि त्याच वर्षी 94,600 ची तूट आली, या दोन गोष्टींचा मेळ अगदी रुपयापर्यंत बसतो. तो कसा बसतो ते खाली दाखवतो. सभेत मात्र तुटीबद्दलच बोला. बँकेतल्या 2,16,000 पैकी क्लबाला मनाप्रमाणे वापरता येतील असे पैसे फार थोडे आहेत, आणि नेमकं हेच सभासदांना पासबुकावरून कळत नाही.

आधी पहिला कागद पाहू. प्राप्ती-शोधन खातं, ज्याला आपण बोलताना रिसीट-पेमेंट म्हणतो, ते म्हणजे वर्षभराच्या कीर्दीचा गोषवारा. पैसा आला की डावीकडे, गेला की उजवीकडे. तो कुठल्या वर्षाचा, कशासाठी आला, क्लबाचा झाला की नुसता क्लबाकडे ठेवायला दिला, यातलं काहीही हे खातं विचारत नाही. तुमचं खातं असं आहे:

| जमा | रुपये | दिले | रुपये |
|---|---|---|---|
| आरंभीची शिल्लक | 90,000 | शिपायाचा पगार | 1,20,000 |
| वर्गणी | 1,86,000 | वीज-पाणी | 42,000 |
| हॉलचं भाडं | 72,000 | खेळाचं साहित्य | 38,000 |
| आजीव सभासद शुल्क | 80,000 | नाट्यस्पर्धा व वर्धापनदिन | 56,000 |
| छपरासाठी देणगी | 1,50,000 | किरकोळ दुरुस्ती | 28,000 |
| मुदत ठेवीचं व्याज | 9,000 | विमा | 12,000 |
| जुनं टीटी टेबल विकलं | 4,000 | नवी टीटी टेबलं | 64,000 |
| | | कार्यालयीन खर्च | 15,000 |
| | | अखेरची शिल्लक | 2,16,000 |
| एकूण | 5,91,000 | एकूण | 5,91,000 |

ऑडिटरनी केलेलं उत्पन्न-खर्च खातं वेगळा प्रश्न विचारतं: 2024-25 या एका वर्षात क्लबानं कमावलं किती, आणि ते वर्ष चालवायला लागलं किती? म्हणून त्यात आरंभीची आणि अखेरची शिल्लक नसते. मागच्या वर्षाचं बाजूला जातं, पुढच्या वर्षाचं बाजूला जातं, भांडवली व्यवहार ताळेबंदात जातात. उलट, ज्याचा पैसा अजून आला किंवा गेला नाही पण जे या वर्षाचं आहे, ते आत येतं.

सगळ्यात जास्त काम वर्गणीत आहे, म्हणून तिथे जरा थांबतो.

गावच्या क्लबांची वर्गणी महिन्याच्या महिन्याला येत नाही. मुंबईला, आखातात किंवा जहाजावर असलेले सभासद चवथीला घरी येतात, तेव्हा खजिनदार पावतीपुस्तक घेऊन फिरतो. कुणी गेल्या वर्षीची थकलेली देतो, कुणी यंदाची देतो, आणि ज्याला पुढच्या चवथीला सुट्टी मिळेल याची खात्री नसते तो पुढच्या वर्षाचीही देऊन मोकळा होतो. कीर्दीत हे सगळं "वर्गणी" या एकाच शीर्षाखाली येतं. तुमचे 1,86,000 असेच जमलेले आहेत.

तुम्ही पाठवलेल्या सभासद नोंदवहीवरून ते मी सोडवून घेतले. वर्गणी 1,200 रुपये, सभासद 150. या वर्षाची म्हणून 125 जणांनी 1,50,000 दिले. गेल्या वर्षीच्या थकबाकीपोटी 12 जणांनी 14,400 दिले. पुढच्या म्हणजे 2025-26 च्या वर्गणीपोटी 18 जणांनी 21,600 आगाऊ दिले. बेरीज 1,86,000 झाली.

आता या वर्षाचं उत्पन्न किती? 150 सभासदांनी क्लब वर्षभर वापरला, तेव्हा 150 गुणिले 1,200, म्हणजे 1,80,000. त्यातले 125 जणांचे रोख आले. पाच जणांनी त्यांचे 6,000 आदल्या वर्षीच देऊन ठेवले होते, ते आता उत्पन्न झाले. उरलेल्या 20 जणांकडून 24,000 येणं आहे. 125, 5 आणि 20 मिळून 150 होतात. ही माणसांची बेरीज रुपयांच्या बेरजेइतकीच महत्त्वाची आहे. वर्गणीचा आकडा कधीही डोकी मोजून पडताळावा, कारण कीर्दीत न आलेला सभासद फक्त नोंदवहीतच सापडतो.

कॉलेजात शिकवतात ती रीत लावली तरी हेच उत्तर येतं. मिळालेल्या 1,86,000 मध्ये वर्षअखेरची येणी मिळवायची, आदल्या वर्षी आगाऊ आलेले 6,000 मिळवायचे, वर्षारंभीची येणी वजा करायची आणि पुढच्या वर्षाचे 21,600 वजा करायचे. पण इथे बऱ्याच जणांचा आकडा चुकतो. तुमच्या गेल्या ताळेबंदात येणं वर्गणी 18,000 होती, म्हणजे 15 जणांची. त्यातल्या 12 जणांनी दिली, तिघांची 3,600 अजून आलीच नाही. म्हणून वर्षअखेरची येणी यंदाचे 24,000 आणि जुने 3,600 मिळून 27,600 धरावी लागतात. नुसते 24,000 धरले तर उत्पन्न 1,76,400 येतं आणि कुठे चुकलं ते शोधण्यात दिवस जातो. 1,86,000 मध्ये 27,600 आणि 6,000 मिळवा, 18,000 आणि 21,600 वजा करा: 1,80,000.

त्या तिघांचं काय करायचं, हा हिशेबाचा नसून समितीचा निर्णय आहे. तुमच्या समितीनं ठराव करून त्यांची नावं कमी केली आणि 3,600 बुडीत धरले, ते मला योग्य वाटतं. वरच्या 150 मध्ये ते तिघे नाहीत. येणार नाही हे माहीत असलेली वर्गणी वर्षानुवर्षं येण्यात दाखवणारे ताळेबंद मी पाहिलेत. त्यात उत्पन्न फुगतं आणि "येणं वर्गणी" दरवर्षी वाढत जाते. पाच वर्षांचे ताळेबंद शेजारी ठेवून ही एक ओळ वाचली की तो प्रकार लगेच दिसतो. ठराव मात्र इतिवृत्तात हवा. ऑडिटरनं आपल्या मनानं वर्गणी सोडून देणं बरोबर नाही.

पावतीबद्दल एक गोष्ट सांगतो, कारण ही सगळी मेहनत तिच्यामुळे वाढते. तुमच्या पावत्यांच्या फोटोत "वर्गणीबद्दल रु. 2,400" एवढंच लिहिलेलं आहे. ते दोन मागच्या वर्षांचे, की एक मागचं आणि एक यंदाचं, की यंदाचं आणि पुढचं? तुम्हाला आज आठवतं. पुढच्या खजिनदाराला आठवणार नाही. पावतीवर आणि स्थळप्रतीवर "2023-24: 1,200, 2024-25: 1,200" असं लिहा, आणि नोंदवहीत दर सभासदापुढे वर्षाचे रकाने आखून त्यात पावती क्रमांक टाका. मग मार्चअखेर रिकामे रकाने मोजले की येणं वर्गणी हातात.

हॉलचं भाडं तुलनेनं सोपं. 72,000 मध्ये मे 2025 मधल्या एका लग्नासाठी घेतलेले आगाऊ 12,000 आहेत. लग्न अजून झालेलं नाही, हॉल दिलेला नाही, तेव्हा ते या वर्षाचं उत्पन्न होत नाही. उत्पन्न 60,000, आणि 12,000 ताळेबंदात देणं. लग्न मोडलं तर ते परत करावे लागतील, यावरूनच ते अजून तुमचे नाहीत हे समजतं. भाड्यासोबत परत करायची अनामत घेत असाल तर तीही कधीच उत्पन्नात धरायची नाही.

आता दोन मोठ्या रकमा, ज्यांनी सभासदांचा गोंधळ उडवला. छपरासाठी मिळालेले 1,50,000 आणि आठ नव्या आजीव सभासदांचे 80,000. हे 2,30,000 बँकेत आले, रिसीट-पेमेंटमध्ये ठळक दिसले, आणि उत्पन्न-खर्चात त्यातला एक रुपयाही नाही.

छपराची देणगी देणाऱ्यानं पत्रात "हॉलच्या छपरासाठी" असं स्पष्ट लिहिलं आहे. ती क्लबाच्या नावावर आहे, पण शिपायाचा पगार किंवा विजेचं बिल भागवायला ती नाही. तेव्हा ती "छप्पर निधी" म्हणून ताळेबंदाच्या देणी-निधी बाजूला जाते. हेतू न सांगता कुणी वर्धापनदिनाला पाच हजार दिले असते, तर ते सरळ उत्पन्नात घेतले असते. म्हणून देणगीची पावती फाडताना देणाऱ्याला हेतू विचारून तिथेच लिहून घ्या. सहा महिन्यांनी ज्याला त्याला आपापला हेतू आठवतो.

आजीव शुल्काचं कारण जरा वेगळं आहे. या आठ जणांनी एकदाच 10,000 दिले, आता ते पुढची सगळी वर्षं वर्गणी देणार नाहीत, पण बॅडमिंटन खेळायला, वाचनालयात बसायला येतच राहतील. त्यांचे पैसे एका वर्षाच्या उत्पन्नात टाकले तर यंदा क्लब श्रीमंत दिसतो आणि पुढच्या वर्षांत त्यांचा खर्च विनाउत्पन्न उरतो. म्हणून ते आजीव सभासद निधीत जमा करतात. काही संस्था त्यातला ठरावीक भाग दरवर्षी उत्पन्नात घेतात, तेही चालतं. मात्र घटनेत किंवा ठरावात तसं लिहिलेलं असावं आणि पद्धत वर्षागणिक बदलू नये. माझा आग्रह एवढाच की ही रक्कम मुदत ठेवीत ठेवा आणि तिचं व्याज वापरा. तुमच्याकडे ती बचत खात्यातच पडून आहे. त्याचा परिणाम थोड्या वेळात दिसेल.

उजव्या बाजूला तशीच एक ओळ आहे: नव्या टीटी टेबलांचे 64,000. ही टेबलं बरीच वर्षं चालतील, तेव्हा ती खर्च नव्हेत, मालमत्ता आहेत. या वर्षाच्या वाट्याला फक्त घसारा येतो. हॉल, फर्निचर आणि टेबलं मिळून तो 31,000 झाला. जुनं टेबल 4,000 ला विकलं, पण पुस्तकात त्याची किंमत 7,000 होती, म्हणून 3,000 तोटा खर्चात. विकून आलेले 4,000 उत्पन्नात धरणं ही नेहमी दिसणारी चूक आहे. तुमच्या ऑडिटरनी ती केलेली नाही.

उरलं ते लहानसहान. विम्याचे 12,000 ऑक्टोबर 2024 ते सप्टेंबर 2025 साठी भरले, पहिल्यांदाच घेतलेला विमा, तेव्हा सहा महिन्यांचे 6,000 या वर्षाचे आणि 6,000 आगाऊ दिलेले. वीज-पाण्याच्या 42,000 मध्ये मार्च 2024 चे 3,000 होते ते काढले, मार्च 2025 चं न भरलेलं 4,000 चं बिल घातलं: 43,000. पगारात एप्रिलमध्ये दिलेला आदल्या मार्चचा एक महिना जास्त आणि या मार्चचा एक कमी, दोन्ही 10,000, म्हणून आकडा 1,20,000 च राहिला.

या सगळ्यातून तयार झालेलं उत्पन्न-खर्च खातं:

| खर्च | रुपये | उत्पन्न | रुपये |
|---|---|---|---|
| शिपायाचा पगार | 1,20,000 | वर्गणी | 1,80,000 |
| वीज-पाणी | 43,000 | हॉलचं भाडं | 60,000 |
| खेळाचं साहित्य | 38,000 | ठेवीचं व्याज | 9,000 |
| नाट्यस्पर्धा व वर्धापनदिन | 56,000 | तूट | 94,600 |
| किरकोळ दुरुस्ती | 28,000 | | |
| विमा | 6,000 | | |
| कार्यालयीन खर्च | 15,000 | | |
| बुडीत वर्गणी | 3,600 | | |
| टेबल विक्रीतला तोटा | 3,000 | | |
| घसारा | 31,000 | | |
| एकूण | 3,43,600 | एकूण | 3,43,600 |

आता मेळ. तूट 94,600 असताना शिल्लक 1,26,000 नं वाढली, म्हणजे 2,20,600 चा फरक समजावून सांगायचा आहे. त्यातले 2,30,000 निधीचे आले आणि 4,000 टेबल विकून आले, पण 64,000 नव्या टेबलांना गेले, राहिले 1,70,000. घसारा, तोटा आणि बुडीत वर्गणी मिळून 37,600 खर्चात धरले, पण त्यासाठी तिजोरीतून काही गेलं नाही. उरलेले 13,000 हे पैसे आधी-नंतर आल्या-गेल्याचे: वर्गणी उत्पन्नापेक्षा 6,000 जास्त आली, भाडं 12,000 जास्त आलं, विजेचे 1,000 कमी गेले, विम्याचे 6,000 जास्त गेले. 1,70,000, 37,600 आणि 13,000 मिळून 2,20,600. सभेत हा परिच्छेद फळ्यावर लिहा. दोन पत्रकं नुसती वाटून काहीच होत नाही. त्यांच्यामधला पूल दाखवला की माणसं शांतपणे ऐकतात.

ताळेबंदानंही हे पडताळून घेता येतं. गेल्या वर्षअखेर क्लबाचा निधी 5,19,000 होता. त्यात 80,000 आणि 1,50,000 मिळवले, तूट वजा केली, की 6,54,400. वर देणी 47,600: आगाऊ वर्गणी 21,600, आगाऊ भाडं 12,000, पगार 10,000, वीज 4,000. एकूण 7,02,000. समोर शिल्लक 2,16,000, मुदत ठेव 1,30,000, येणं वर्गणी 24,000, आगाऊ विमा 6,000 आणि मालमत्ता 3,26,000, म्हणजे तेही 7,02,000.

आणि आता सभासदांचा खरा प्रश्न: बँकेतले पैसे कुणाचे? 2,16,000 मधून छपराचे 1,50,000 काढा. पुढच्या वर्षाच्या वर्गणीचे 21,600 आणि लग्नाचे 12,000 काढा. मार्चचा पगार आणि विजेचं बिल, 14,000, काढा. राहतात 18,400. आजीव सभासदांचे 80,000 ठेवीत टाकायचे ठरवलं, तर तेवढेही नाहीत. 61,600 कमी पडतात. म्हणजे आजीव शुल्काचा बराचसा भाग वर्षाच्या चालू खर्चानं आणि नव्या टेबलांनी खाल्लेला आहे. मुदत ठेव वेगळी आहे, तिला हात लागलेला नाही, एवढाच दिलासा.

सभेत कुणीतरी म्हणेल, "घसारा हा काय खर्च आहे, तो काढा." काढून दाखवा. घसारा, तोटा आणि बुडीत वर्गणी तिन्ही बाजूला ठेवली तरी 57,000 ची तूट राहते. घसारा धरून दर सभासदामागे साधारण 630 रुपये कमी पडतात. वर्गणी 1,200 आहे आणि भाडं-व्याज वजा केलं तरी एका सभासदाला सांभाळायला तुमचा क्लब तिच्या दीडपट खर्च करतो आहे. वर्गणी वाढवायची, हॉल जास्त वेळा भाड्यानं द्यायचा, की कला अकादमीच्या नाट्यस्पर्धेत उतरण्याच्या खर्चासाठी वेगळा प्रायोजक शोधायचा, हे सभेनं ठरवावं. नाटक बंद करा असं मी सांगणार नाही. क्लबाकडे गाव ओढलं जातं ते त्यामुळेच. फक्त त्याचा खर्च आजीव सभासदांच्या पैशातून चालू नये.

तुमच्याकडचे हिशेब ठीक आहेत, पण अनेक क्लबांत "उत्पन्न-खर्च" असं शीर्षक देऊन आत रिसीट-पेमेंटच असतं. ते ओळखायच्या दोन खुणा आहेत. पहिल्या ओळीला आरंभीची शिल्लक दिसली, की ते उत्पन्न-खर्च नव्हे. आणि वर्षाचा वाढावा हा बँक-रोख शिल्लकेतल्या वाढीशी रुपयासकट जुळला, की शंका घ्या. तुमचं खातं त्या पद्धतीनं केलं असतं तर 1,26,000 वाढावा दिसला असता आणि सभेनं टाळ्या वाजवून वर्गणी तशीच ठेवली असती.

म्हणून रिसीट-पेमेंट टाकाऊ ठरत नाही. रोख बरोबर आहे का, पासबुकाशी जुळते का, पैसा कुठून आला आणि कुठे गेला, हे त्यातच कळतं. कला व संस्कृती संचालनालयासारख्या खात्याकडून अनुदान मिळालं तर विनियोगाचा हिशेब देताना आधी तेच लागतं. नवी समिती कारभार हाती घेते तेव्हा तीही पहिल्यांदा तेच मागते. मात्र एक ध्यानात ठेवा: मुदत ठेव केली की रिसीट-पेमेंटमध्ये ती "दिले" बाजूला जाते आणि शिल्लक घटल्यासारखी दिसते, ठेव मोडली की उलट. आजीव शुल्काची ठेव पुढच्या वर्षी केलीत तर शिल्लक 80,000 नं घसरेल आणि सभासद पुन्हा घाबरतील. त्याची कल्पना आत्ताच देऊन ठेवा.

करासाठीही उत्पन्न-खर्च खात्यातल्या ओळी वेगळ्या ठेवणं गरजेचं आहे. सभासदांनीच दिलेले आणि सभासदांवरच खर्चलेले पैसे परस्परतेच्या तत्त्वानुसार करपात्र धरले जात नाहीत. पण बँकेतल्या ठेवीच्या व्याजाला हे तत्त्व लागू नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं बंगलोर क्लबच्या प्रकरणात 2013 मध्ये स्पष्ट केलं. बाहेरच्यांना हॉल देऊन मिळालेलं भाडंही त्यात बसत नाही. तेव्हा 60,000 पैकी सभासदांकडून किती आणि बाहेरच्यांकडून किती, हे पावतीवरच नोंदवत जा. बँकेनं व्याजातून कर कापला असेल तर उत्पन्नात पूर्ण व्याज घ्या आणि कापलेला कर येणं दाखवा. पासबुकात पडलेली रक्कम म्हणजे पूर्ण उत्पन्न नव्हे.

शेवटी छप्पर. काम पाऊस लागण्याआधी मे महिन्यात उरकणार असाल तर ते 2025-26 च्या हिशेबात येईल. समजा 1,70,000 लागले. रिसीट-पेमेंटमध्ये पूर्ण 1,70,000 गेलेले दिसतील. फुटलेले पत्रे बदलणं एवढंच काम असेल तर ती दुरुस्ती आहे: 1,50,000 छप्पर निधीतून वजा करायचे आणि वरचे 20,000 उत्पन्न-खर्चात टाकायचे. लोखंडी सांगाडा उभारून पूर्ण नवं छप्पर केलंत तर 1,70,000 हॉलच्या किमतीत मिळवायचे, छप्पर निधीतले 1,50,000 कायम निधीत वर्ग करायचे आणि त्या वर्षापासून वाढीव घसारा धरायचा. यातलं कुठलं हे ठेकेदाराच्या अंदाजपत्रकावरून ठरतं, म्हणून त्यात पत्रे, सांगाडा आणि मजुरी वेगवेगळी लिहून मागा आणि काम सुरू होण्याआधी ते ऑडिटरला दाखवा.